'उ मेन्या' आणि 'स्वोय': पाच वाक्यांचं भाषांतर तपासून हवं आहे

पानगळ

एका रशियन पाठातला छोटा उतारा मराठीत करायचा आहे. शब्द सगळे सोपे आहेत, पण मालकी दाखवणाऱ्या रचना अडवतात. देवनागरीत देतो. अक्षरांप्रमाणे लिहिलं आहे, फक्त 'येवो', 'श्तो' आणि 'लेख्चे' उच्चाराप्रमाणे.

१. उ नीनी ने बिलो स्वोयेय कोमनाती.
२. ओना स्पाला उ बाबुश्कि.
३. उ बाबुश्कि बोलेलि नोगि.
४. नीना पोप्रोसिला ब्राता ओत्नेस्ति स्वोयु क्रोवात ना कुख्न्यु.
५. ब्रात स्काझाल, श्तो येवो क्रोवात लेख्चे.

माझा कच्चा मसुदा: "नीनाकडे आपली खोली नव्हती. ती आजीजवळ झोपायची. आजीकडे पाय दुखत होते (हे चुकीचं दिसतंय, कळतंय). नीनाने भावाला आपला पलंग स्वयंपाकघरात न्यायला सांगितला. भाऊ म्हणाला की त्याचा पलंग हलका आहे."

प्रश्न दोन. 'उ' साठी कडे, जवळ, ला, चा यातलं काय कुठे घ्यायचं? आणि चौथ्या वाक्यातला पलंग नक्की कोणाचा?

त्रिज्या

सोपं आहे. 'उ' म्हणजे 'कडे' आणि 'स्वोय' म्हणजे 'आपला'. तिसऱ्या वाक्यात शरीराचा भाग आहे म्हणून तेवढा अपवाद. आणि 'येस्त' कुठेच नाही, कारण 'येस्त' कायमच्या मालकीसाठी येतो आणि तात्पुरत्या गोष्टीसाठी गळतो.

जुनी वही

त्रिज्या, 'कडे' हा अर्धाच रस्ता आहे. मराठीत मालकीच्या वाटा वेगळ्या काढलेल्या आहेत आणि रशियन त्या सगळ्या एकाच 'उ' मध्ये घालते. 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'तिचे डोळे निळे आहेत', 'टेबलाला चार पाय आहेत' ही चारही वाक्यं रशियनमध्ये 'उ' ने सुरू होतात: उ मेन्या येस्त माशिना, उ मेन्या द्वा ब्राता, उ नेयो गोलुबिये ग्लाझा, उ स्तोला चेतीरे नोश्कि. म्हणून रशियनमधून मराठीत येताना 'उ' कडे बघून विभक्ती ठरवता येत नाही. पुढे काय आहे ते बघायचं. हातात देता-घेता येणारी वस्तू असेल तर 'कडे'. नातं, आजार किंवा वस्तूचा भाग असेल तर 'ला'. अवयवाचं वर्णन किंवा दुखणं असेल तर 'चा'.

या हिशेबाने पहिल्या वाक्यात 'नीनाकडे खोली' बसत नाही, कारण खोली कोणी जवळ बाळगत नाही. "नीनाला स्वतःची खोली नव्हती." तिसरं सरळ "आजीचे पाय दुखायचे." इथे उलट्या दिशेची चूक जास्त होते. मराठी माणूस 'आजीचे पाय' चं 'नोगि बाबुश्कि बोलेलि' करतो. व्याकरण मोडत नाही, पण पाय आजीपासून वेगळे काढून त्यांच्याबद्दल बोलल्यासारखं ऐकू येतं. ज्या माणसाला दुखतंय त्याला रशियन आधी 'उ' ने समोर आणते: उ मेन्या बोलित गोलोवा. पाकीट चोरीला गेलं तरी तेच: उ मेन्या उक्रालि कोशेल्योक. मोय कोशेल्योक उक्रालि म्हटलं तर सगळा भर पाकिटावर जातो आणि नुकसान कोणाचं झालं ते मागे पडतं.

आता 'येस्त'. कायम आणि तात्पुरतं हा निकष टिकत नाही. निळे डोळे तर जन्मभराचे आहेत, तिथे 'येस्त' येत नाही. वाक्य कशाची बातमी देतंय ते विचारा. गोष्ट आहे की नाही ही बातमी असेल तर 'येस्त' येतो. ती आहे हे धरूनच चालून ती कशी, किती, कुठली हे सांगायचं असेल तर गळतो. 'उ मेन्या येस्त माशिना' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, हवी तर जाऊ. 'उ मेन्या नोवाया माशिना' म्हणजे माझी गाडी नवी आहे.

त्रिज्या

म्हणजे विशेषण आलं की 'येस्त' काढायचा.

जुनी वही

नाही. 'उ मेन्या येस्त नोवाया क्निगा' बरोबर आहे. कोणी वाचायला काही मागत असेल तर हेच म्हणाल: माझ्याकडे एक नवं पुस्तक आहे. मराठीतला फरक बघा. 'येस्त' असेल तर विशेषण नामाआधी राहतं आणि बऱ्याचदा 'एक' घालता येतं. 'येस्त' नसेल तर विशेषण बहुतेक वेळा विधानात जातं: "माझी गाडी नवी आहे", "तिचे डोळे निळे आहेत". ही चाचणी दोन्ही दिशांनी उपयोगी पडते.

व्होल्गाकाठ

मी कझानमध्ये मेडिकलला आहे, त्यामुळे माझा प्रश्न वॉर्डातला. पेशंटची हिस्टरी घेताना मी 'उ वास येस्त तेम्पेरातुरा?' विचारलं तर बरोबर का? आमच्या तिसऱ्या वर्षातले सगळे मराठी 'पेशंटला ताप आहे' चं 'पात्सियेंतु तेम्पेरातुरा' करतात, कारण 'ला' दिसला की चतुर्थी लावायची सवय.

जुनी वही

प्रश्नात 'येस्त' चालतो, कारण आहे की नाही हेच विचारायचं आहे. 'उ वास येस्त आलेर्गिया ना लेकार्स्त्वा?' हे तर नेहमीचं. पण केसपेपरवर किंवा राउंडला सांगताना विधान करायचं असतं, तिथे बिनयेस्त: उ बोल्नोवो तेम्पेरातुरा, उ नेवो दियाबेत, उ नेयो ग्रिप्प. 'उ नेवो येस्त ग्रिप्प' म्हणजे फ्लू ही जवळ ठेवलेली वस्तू वाटते.

चतुर्थीची सवय तोडताना एवढं लक्षात ठेवा की 'मला' चं सरसकट 'म्ने' होत नाही. 'मला थंडी वाजतेय' हे 'म्ने खोलोद्नो', पण 'मला खोकला आहे' हे 'उ मेन्या काशेल'. पहिल्यात नुसती अवस्था आहे, 'खोलोद्नो' हे नाम नाही. दुसऱ्यात आजाराचं नाम आहे. ताप, खोकला, सर्दी, मधुमेह असं नाम असलं की 'उ'.

आणि वॉर्डात हमखास होणारी एक चूक. 'त्याला' म्हणताना 'न' लागतो: उ नेवो, उ नेयो, उ निख. पण 'त्याच्या भावाला मधुमेह आहे' म्हणताना 'येवो' हे भावाचं विशेषण आहे, त्याला 'न' लागत नाही: उ येवो ब्राता दियाबेत. 'उ नेवो ब्राता' ऐकलं की रशियन डॉक्टर पेशंटबद्दल की भावाबद्दल म्हणून थांबतो. कौटुंबिक इतिहास विचारताना हा घोळ महागात पडतो.

व्होल्गाकाठ

हे नेमकं हवं होतं. 'डॉक्टरांकडे' चं पण सांगा ना. आमच्यात 'या पोश्योल उ व्राचा' सर्रास ऐकू येतं.

अर्धविराम

ते मी सांगते, कारण पानगळ यांच्या दुसऱ्या वाक्याशी त्याचा थेट संबंध आहे. मराठी 'कडे' मध्ये असणं आणि जाणं दोन्ही मावतं: डॉक्टरांकडे होतो, डॉक्टरांकडे गेलो. रशियनमध्ये असणं 'उ' ने, जाणं 'क' ने आणि परतणं 'ओत' ने: बिल उ व्राचा, पोश्योल क व्राचु, प्रिश्योल ओत व्राचा. आधी क्रियापद बघायचं आणि मग 'कडे' चं काय करायचं ते ठरवायचं.

'ओना स्पाला उ बाबुश्कि' मध्ये माणसाबरोबर 'उ' आहे, म्हणजे आजीच्या जागेत, आजीच्या घरी किंवा खोलीत. 'जवळ' घेतलं तर नीना आजीला बिलगून झोपते असं चित्र तयार होतं, आणि मूळ वाक्यात ते नाही. तसं म्हणायचं असतं तर 'स बाबुश्कोय' किंवा 'र्यादोम स बाबुश्कोय' आलं असतं. वस्तूबरोबर मात्र 'उ' म्हणजे खरंच जवळ: उ ओक्ना म्हणजे खिडकीपाशी. तेव्हा "ती आजीकडे झोपायची." घर की खोली हा प्रश्न मराठी 'कडे' सुद्धा मोकळा ठेवतो, म्हणून इथे तो फार सुरेख बसतो.

उंबरठा

'स्वोय' बद्दल माझा अनुभव असा की हिंदीतून विचार करावा. 'अपना' आला की 'स्वोय', 'उसका' आला की 'येवो'. मी हिंदी माध्यमाच्या पुस्तकातून शिकलो, कधी अडलं नाही.

जुनी वही

उंबरठा, साध्या वाक्यात हे जमतं, आणि त्याचं कारण मराठी शिकणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. हिंदीत 'मैंने अपनी किताब ली' च म्हणतात. मराठीत 'मी माझं पुस्तक घेतलं' अगदी रुळलेलं आहे आणि तृतीय पुरुषातही 'त्याने त्याचं पुस्तक घेतलं' आता सर्रास लिहितात. ही सवय रशियनमध्ये नेली की अर्थ बदलतो. 'ओन व्झ्याल स्वोयु क्निगु' म्हणजे स्वतःचं पुस्तक. 'ओन व्झ्याल येवो क्निगु' म्हणजे तिसऱ्याच कोणाचं. तृतीय पुरुषात ही चूक शैलीची नसून अर्थाची आहे. प्रथम पुरुषात तेवढा धोका नाही. 'या व्झ्याल मोयु क्निगु' म्हटलं तरी पुस्तक माझंच राहतं, फक्त 'स्वोयु' जास्त स्वाभाविक.

पण हिंदीची मदत दुसऱ्या टोकाला संपते. मराठी 'आपली गाडी' म्हणजे तुमची-आमची मिळून सुद्धा, आदराने 'तुमची' सुद्धा. बोलीतल्या हिंदीत 'अपना' चं तसंच होतं. तिथे रशियनमध्ये 'नाशा' किंवा 'वाशा' लागेल. 'आपली बस आली' चं 'स्वोया बस' काही होणार नाही. 'स्वोय' ला वाक्यात एक धनी लागतो आणि इथे धनी वाक्याबाहेर आहे.

पानगळ

मग पहिल्या वाक्यात धनी कोण? कर्ता तर नीना नाही. 'उ नीनी' षष्ठीत आहे.

जुनी वही

चांगला प्रश्न. नियम सांगताना म्हणतात की 'स्वोय' कर्त्याकडे बोट दाखवतो आणि स्वतः कर्त्याच्या जागी बसत नाही. म्हणून 'इवान इ स्वोया झेना प्रिश्लि' चूक, 'इवान इ येवो झेना प्रिश्लि' बरोबर. 'स्वोय' हवाच असेल तर बायकोला कर्तेपदातून काढायचं: इवान प्रिश्योल सो स्वोयेय झेनोय.

मालकी सांगणाऱ्या वाक्यात मात्र 'उ' वाला माणूस विभक्तीने षष्ठीत असला तरी अर्थाने वाक्याचा धनी असतो, म्हणून तिथे 'स्वोय' प्रथमेतही चालतो: उ नीनी बिला स्वोया कोमनाता. नकार आला की खोली षष्ठीत जाते आणि 'स्वोय' तिच्याबरोबर जातो: उ नीनी ने बिलो स्वोयेय कोमनाती. 'येयो कोमनाती' घातलं असतं तर दुसऱ्याच बाईची खोली शोधावी लागली असती.

इथे क्रियापदही बघा. होकारात 'बिला', कारण खोली स्त्रीलिंगी. नकारात नेहमी 'ने बिलो', वस्तू कुठल्याही लिंगाची वा वचनाची असो. मराठीत 'खोली नव्हती', 'खोल्या नव्हत्या' असं क्रियापद वस्तूमागे जातं, त्यामुळे 'ने बिला कोमनाता' अशी चूक होते. एकच सवलत: नकार वस्तूच्या असण्याला नसून दोन वस्तूंच्या तुलनेत असेल तर प्रथमा राहते. 'उ मेन्या ने माशिना, आ मोतोत्सिक्ल', म्हणजे माझ्याकडे गाडी नाही, मोटारसायकल आहे.

अर्धविराम

मराठी बाजूने एक भर. 'स्वोय' ला 'आपला' हा एकच शब्द बांधून ठेवू नये. 'उ' च्या वाक्यात तो आला की बहुतेक वेळा 'दुसऱ्याची नाही, हक्काची' असा जोर असतो, तिथे 'स्वतःचा'. म्हणून 'नीनाला स्वतःची खोली नव्हती'. क्रियापदाच्या कर्मावर साधेपणाने आला की 'आपला': त्याने आपलं पुस्तक घेतलं. आणि अनेकजण असतील तर मराठीकडे 'आपापला' आहे, जो रशियनकडे वेगळा नाही. 'ओनि व्झ्यालि स्वोयि क्निगि' हे बहुधा "त्यांनी आपापली पुस्तकं घेतली", पण 'ओनि प्रोदालि स्वोय दोम' हे "त्यांनी आपलं घर विकलं", कारण घर एकच आहे. मूळ नामाचं वचन बघूनच ठरवावं. 'उ काझ्दोवो स्वोय व्कुस' ला तर 'ज्याची त्याची आवड' यापेक्षा चांगलं काही सुचत नाही.

काही वेळा 'स्वोय' मुळात नसतोच आणि मराठीतही नको असतो. 'ओन पोद्न्याल रुकु', त्याने हात वर केला. हात कोणाचा हे कोणी विचारत नाही. चौथ्या वाक्यात 'ब्राता' ला काही लागलेलं नाही ते याचमुळे. भाऊ नीनाचाच. मराठीतही 'भावाला' पुरतं.

त्रिज्या

आता पलंगाचं बोला. नियमाने कर्ता नीना, म्हणून पलंग नीनाचा. विषय संपला.

जुनी वही

संपला नाही. 'ओत्नेस्ति' या कृतीचा करणारा भाऊ आहे. 'सांगितलं, विनंती केली, हुकूम दिला' अशा क्रियापदांनंतर नुसतं धातुरूप आलं की 'स्वोय' दोघांकडे बोट दाखवू शकतो, सांगणाऱ्याकडे किंवा करणाऱ्याकडे. व्याकरण इथे निवाडा देत नाही.

तपासायची पद्धत अशी. धातुरूप मोडून 'श्तोबी' चं पोटवाक्य करा. 'नीना पोप्रोसिला, श्तोबी ब्रात ओत्न्योस स्वोयु क्रोवात' मध्ये पोटवाक्याचा कर्ता भाऊ, म्हणून पलंग फक्त भावाचा. नीनाचा म्हणायचा असेल तर 'येयो क्रोवात' लागेल. मग दोन्ही रूपं पुढच्या वाक्यापुढे ठेवून बघा. पाचव्यात भाऊ म्हणतो, 'येवो' पलंग जास्त हलका आहे. 'लेख्चे' तुलनेचं रूप आहे, तेव्हा तुलना दुसऱ्या कुठल्यातरी पलंगाशी हवी. भावाला स्वतःचाच पलंग न्यायला सांगितला असता तर या उत्तराला जागा उरत नाही. म्हणून चौथ्यातला पलंग नीनाचा, आणि भाऊ त्याऐवजी आपला न्यायचं सुचवतो.

पाचव्यात 'येवो' का, 'स्वोया' का नाही? पोटवाक्यात 'क्रोवात' स्वतःच कर्ता आहे, आणि 'श्तो' ओलांडून मुख्य वाक्यातल्या भावापर्यंत 'स्वोय' पोहोचत नाही. मात्र 'ओन स्काझाल, श्तो पोतेर्याल स्वोय पास्पोर्त' चालतं, कारण हरवणारा पोटवाक्यातही तोच आहे.

उंबरठा

पण 'स्वोया रुबाश्का ब्लिझे क तेलु' ही म्हण आहे ना? तिथे 'स्वोया' थेट कर्त्याच्या जागी आहे.

जुनी वही

आहे. ते वाक्य कोणा एकाबद्दल नाही, कुठल्याही माणसाबद्दल आहे. 'ज्याचा त्याला सदरा अंगाजवळचा' असा सर्वसाधारण अर्थ. अशा म्हणींत 'स्वोय' कर्तेपदात येतो. नीनाच्या किंवा इवानच्या गोष्टीत त्यावरून वाक्य बेतू नये.

अर्धविराम

पाचव्याच्या मराठीबद्दल माझं मत ठाम आहे. 'भाऊ म्हणाला की त्याचा पलंग हलका आहे' वाचताना 'त्याचा' कोणाचा हा संशय उगाच येतो. मराठीत बोलणं जसंच्या तसं सांगायची सवय आहे: "भाऊ म्हणाला, माझा पलंग जास्त हलका आहे." 'जास्त' ठेवा, नाहीतर तुलना जाते आणि चौथ्या वाक्याचा उलगडाही जातो.

उलट दिशेने हीच सवय घात करते. 'राम म्हणाला की माझी गाडी बिघडली' चं रशियन करताना 'श्तो मोया माशिना' लिहिलं तर गाडी निवेदकाची होते. तिथे 'श्तो उ नेवो स्लोमालास माशिना'. परत 'उ' च.

चौथ्यासाठी मी 'आपला' ठेवीन: "नीनाने भावाला आपला पलंग स्वयंपाकघरात न्यायला सांगितला." मराठी 'आपला' सुद्धा इथे दोघांकडे जाऊ शकतो, म्हणजे मूळचा संशय तसाच येतो आणि पुढच्या वाक्यात सुटतो.

त्रिज्या

वाचकाला एक वाक्यभर ताटकळत का ठेवायचं? पलंग नीनाचा आहे हे कळलंय तर 'तिचा पलंग' लिहा.

अर्धविराम

रशियन वाचकही एक वाक्यभर थांबतोच. शिवाय 'तिचा' म्हटलं की आजी मध्ये येते. नुकतीच तिच्या पायांची गोष्ट झाली आहे.

जुनी वही

मी यात त्रिज्यांच्या बाजूला थोडा झुकतो, कारण हा पाठातला उतारा आहे, कथा नाही. पण आजीचा मुद्दा खरा आहे. 'स्वतःचा पलंग' मात्र घेऊ नका, तो मराठीत जवळजवळ भावाकडेच जातो.

व्होल्गाकाठ

एक राहिलं. 'त्याला त्याचं काम आवडतं' यात 'स्वोया' की 'येवो'? इथल्या रूममेटने 'येमु न्रावित्स्या येवो राबोता' म्हटलं, पण 'येमु नुझ्ना स्वोया कोमनाता' तो स्वतःच म्हणतो. दोन्हीत चतुर्थी आहे.

जुनी वही

रूममेट बरोबर बोलतोय. 'नुझ्ना' च्या वाक्यात 'स्वोया' चा अर्थ 'स्वतंत्र, हक्काची' असा आहे, 'उ नीनी बिला स्वोया कोमनाता' सारखाच. 'न्रावित्स्या' मध्ये नुसता संबंध सांगायचा आहे आणि काम कर्तेपदात आहे, म्हणून 'येवो'. मात्र 'स्वोया' घेऊन जोर देणारी वाक्यंही कानावर येतात आणि सगळे रशियन त्यावर एकसारखं बोलत नाहीत. परीक्षेत 'येवो' लिहा.

पानगळ

सुधारलेला मसुदा:

"नीनाला स्वतःची खोली नव्हती. ती आजीकडे झोपायची. आजीचे पाय दुखायचे. नीनाने भावाला आपला पलंग स्वयंपाकघरात न्यायला सांगितला. भाऊ म्हणाला, माझा पलंग जास्त हलका आहे."

'आपला' सध्या ठेवतोय. पुढच्या परिच्छेदात 'उ नास व देरेव्ने' आहे, त्याचं 'आमच्याकडे गावात' केलं तर?

अर्धविराम

तसंच ठेवा. पण बोलणारा गावातच बसून बोलत असेल तर 'आमच्या गावात' बघा. 'आमच्याकडे' मध्ये ऐकणारा बाहेरचा असल्याची सूचना येते. पुढचं वाक्य द्या म्हणजे सांगता येईल.